कातळावरचा हिरवा ठिपका

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. आत वळलेली ती प्रचंड कातळभिंत, खाली पसरलेलं कोकण आणि समोर मावळणारा सूर्य, हे सगळं एकाच चौकटीत पकडायचा मोह तिथे पोचलेल्या जवळजवळ प्रत्येकाला होतो. मोबाइल सूर्याच्या दिशेने धरला जातो, बटण दाबलं जातं, आणि उन्हाच्या त्या झगमगाटात स्क्रीनवर काही वावगं जाणवत नाही. घरी येऊन तोच फोटो मोठ्या पडद्यावर उघडला, की सावलीत काळवंडलेल्या कातळावर एक हिरवट ठिपका चमकताना दिसतो. कधी त्याच्या जोडीला जांभळी वर्तुळं असतात, तर कधी सगळ्या फोटोवरच दुधट पडदा पसरलेला असतो.

हा ठिपका घालवण्याची सर्रास वापरली जाणारी रीत म्हणजे ॲपमधलं डाग पुसण्याचं साधन उघडायचं आणि ठिपक्यावर बोट फिरवायचं. ठिपका जातो, पण जाताना खालचा कातळही घेऊन जातो. त्या जागी शेजारच्या दगडाचा तुकडा येऊन बसतो. एकच भेग दोनदा दिसते, गवताच्या काड्या मध्येच तुटतात, दगडाचा खरखरीतपणा गुळगुळीत होतो. लहान आकारात हे खपून जातं. फोटो छापायला घेतला, की ते ठिगळ चटकन डोळ्यांत भरतं.

खरं तर ठिगळ लावण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. ठिपका कातळाला झाकत नाही. कातळाकडून आलेला प्रकाश सेन्सरवर पोचलेला असतोच. त्यात सूर्याचा थोडा भटका प्रकाश मिसळलेला असतो, एवढंच. म्हणजे फोटोतून काही गेलेलं नाही, उलट जास्तीचं काही आलेलं आहे. जे आलंय ते किती आहे हे मोजता आलं, तर ते वजा करता येतं आणि खालचा मूळ कातळ, त्याच्या भेगांसकट, पुन्हा वर येतो.

हा भटका प्रकाश येतो कुठून? साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के भाग मागे परततो. खिडकीच्या काचेत आपला चेहरा पुसट दिसतो तो यामुळेच. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकामागे एक अनेक भिंगं असतात. एका भिंगावरून मागे फिरलेला किरण आधीच्या भिंगावर आपटून पुन्हा पुढे फिरला, की तो भलत्याच वाटेने सेन्सरवर पोचतो. अशा दोनदा परतलेल्या प्रकाशाने बनलेल्या प्रतिमेला छायाचित्रकार घोस्ट म्हणतात. सात भिंगं असतील तर पृष्ठभाग चौदा होतात, आणि त्यांतल्या कुठल्याही दोन पृष्ठभागांची जोडी घोस्ट तयार करू शकते. अशा जोड्या निघतात 91.

यावरचा मोठा उपाय 1935 साली सापडला. जर्मनीतल्या झाइस कंपनीचे अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली. पुढे एकाऐवजी अनेक थर चढवले जाऊ लागले. आजच्या चांगल्या लेन्समध्ये एका पृष्ठभागावरून अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी प्रकाश परततो. अर्धा टक्का दोनदा, म्हणजे मूळ प्रकाशाचा चाळीस हजारावा भाग. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण मावळतीच्या थोडं आधीचा सूर्यसुद्धा सावलीतल्या कातळाच्या लाख पटींहून जास्त तेजस्वी असतो. लाखाचा चाळीस हजारावा भाग काढला तरी तो कातळाच्या उजेडाच्या अडीच पट भरतो. घोस्ट पसरून फिका होतो म्हणून तेवढा भडक दिसत नाही, पण काळ्या दगडावर उठून दिसायला तो पुरेसा असतो. त्याला हिरवी किंवा जांभळी छटा येते तीही या थरांमुळेच: सगळे रंग ते सारख्या प्रमाणात अडवत नाहीत, आणि जो रंग कमी अडतो त्याचा घोस्ट दिसतो.

मोबाइलच्या हिरव्या ठिपक्याची एक फार उपयोगी खोड आहे. तो सूर्याच्या बरोबर समोर, फोटोच्या मध्यबिंदूच्या पलीकडे आणि तेवढ्याच अंतरावर पडतो. कोकणकड्याचा एक फोटो उदाहरणादाखल घेऊ. त्याची रुंदी 4000 आणि उंची 3000 पिक्सेल आहे. सूर्य डावीकडे वरच्या भागात आहे. डाव्या कडेपासून 1200 आणि वरच्या कडेपासून 700 पिक्सेलवर. रुंदीतून 1200 वजा केले की 2800 उरतात, उंचीतून 700 वजा केले की 2300. ठिपका साधारण त्याच जागी, उजवीकडे खाली, कातळाच्या सावलीत सापडतो. काटेकोर आकडा जुळतोच असं नाही. हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून मोबाइल आतली लेन्स किंचित सरकवतो, त्यामुळे थोडा फरक पडतो. फोटो कापलेला असेल, तर मध्यबिंदूच बदलतो आणि हा हिशेब लागू पडत नाही. म्हणून तपासणी मूळ, न कापलेल्या फोटोवर करावी.

या हिशेबाचा फायदा असा, की कुठला ठिपका घोस्ट आहे आणि कुठला खरा, हे ठरवता येतं. दरीतल्या तळ्यावर चमकणारं ऊन, एखाद्याच्या चष्म्याची चकाकी किंवा दूरवरच्या घराचा पत्रा या गोष्टी त्या जागी खरोखर असतात. त्या पुसल्या, तर फोटो खोटा होतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मात्र वेगवेगळ्या जोड्यांचे घोस्ट वेगवेगळ्या अंतरांवर पडतात. तिथे सूर्यापासून मध्यबिंदूतून जाणारी सरळ रेष मनात ओढायची, सगळी वर्तुळं आणि बहुकोन त्या रेषेवर ओळीने बसलेले दिसतात.

मोबाइलचा हा ठिपका कधी कधी सूर्याची चक्क उलटी, लहान प्रतिमा असतो. 25 ऑक्टोबर 2022 रोजी महाराष्ट्रातून मावळत्या सूर्याचं खंडग्रास ग्रहण दिसलं होतं. अशा ग्रहणात मोबाइलने फोटो काढला, की सूर्याचा पांढरा गोळा इतका उजळलेला येतो की ग्रहणाचा मागमूस लागत नाही, पण पलीकडच्या फिक्या घोस्टमध्ये मात्र सूर्याची कोर स्पष्ट उमटलेली असू शकते. घोस्टचा प्रकाश हजारो पटींनी क्षीण झालेला असतो, त्यामुळे सेन्सर तिथे ओसंडत नाही आणि आकार शाबूत राहतो. (सूर्याकडे थेट पाहू नये हे ग्रहणात जसं लागू आहे, तसंच या लेखातल्या प्रत्येक फोटोलाही लागू आहे. मोठ्या कॅमेऱ्याच्या साध्या काचेच्या दर्शकातून तर मुळीच पाहू नये.)

काम करायचं असेल, तर ते कड्यावरच निम्मं उरकता येतं, आणि ती संधी सोडू नये. आधी मोबाइलची लेन्स मऊ कापडाने पुसावी, कारण बोटांच्या तेलकट ठशाने सूर्याभोवती लांबच लांब पट्टे उमटतात आणि ते पुढे कुठल्याही हिशेबाने निघत नाहीत. कॅमेऱ्यावर जपणुकीसाठी लावलेला फिल्टर असेल, तर तो काढावा. दोन जास्तीचे पृष्ठभाग कमी होतात. लेन्सचं हूड सूर्य चौकटीच्या बाहेर असतानाच कामी येतं. सूर्य चौकटीतच असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

मग दोन फोटो घ्यायचे. मोबाइल तिकाटण्यावर किंवा पाठपिशवीला टेकवून घट्ट बसवायचा. स्क्रीनवर बोट दाबून ठेवून फोकस आणि एक्स्पोजर पक्कं करायचं. पहिला फोटो नेहमीसारखा. दुसऱ्या फोटोत मोबाइलच्या पुढे हात लांब करून एका बोटाने फक्त सूर्य झाकायचा. सूर्याचं बिंब आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचं असतं आणि हाताच्या अंतरावर धरलेली करंगळी सुमारे एक अंश झाकते, म्हणून बोट पुरतं. सावली लेन्सवर पडली, की स्क्रीनवरचा हिरवा ठिपका क्षणात नाहीसा होतो आणि कातळाचा काळेपणा गडद होतो. एक्स्पोजर पक्कं केलेलं नसेल, तर इथेच घोटाळा होतो: सूर्य झाकला गेल्याचं पाहून मोबाइल आपणहून उजेड वाढवतो आणि दोन्ही फोटो एकमेकांशी जुळेनासे होतात.

घरी हे दोन्ही फोटो जिम्पसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये एकावर एक लेअर म्हणून उघडायचे. बोटाचा फोटो खाली, सूर्याचा वर. वरच्या लेअरला पांढरा मास्क लावून, मऊ कडेच्या काळ्या ब्रशने ठिपक्याचा भाग रंगवायचा. तिथून खालचा स्वच्छ कातळ दिसू लागतो. बोट झाकल्याने दुधट पडदाही कमी झालेला असतो, म्हणून खालचा कातळ वरच्यापेक्षा जरा गडद असतो. नुसत्या ठिपक्यापुरता मास्क रंगवला तर तिथे गडद डाग दिसतो. त्यापेक्षा कड्याची सगळी कातळभिंत खालच्या फोटोतून घ्यावी आणि जोड कातळाच्या कडेवरून न्यावा. कातळ आणि आकाश यांच्यात मुळातच इतका फरक असतो की जोड तिथे दिसत नाही. दोन फोटोंच्या मध्ये पुढ्यातली माणसं हलली असतील, तर ती एकाच फोटोतून घ्यायची.

पण बहुतेकांच्या हाती एकच फोटो असतो, आणि तो काढून महिने लोटलेले असतात. तिथे वजाबाकी कामी येते.

वर घेतलेल्या उदाहरणात ठिपक्याला लागूनच, त्याच जातीच्या दगडावर रंग मोजला, आणि समजा लाल 48, हिरवा 44, निळा 40 असे आकडे आले. ठिपक्याच्या मध्यावर तशाच दगडाचे आकडे 62, 110 आणि 84 आहेत. सरळ वजाबाकी केली, तर फरक येतो 14, 66, 44. एवढाच रंग वजा करावा असं वाटतं, आणि नेमकी इथेच पुष्कळांची फसगत होते. फोटोच्या फाइलमधले हे 0 ते 255 आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत नाहीत. मानवी डोळा अंधारातले बारकावे जास्त टिपतो, म्हणून गडद भागाला जास्त आकडे आणि उजळ भागाला कमी आकडे वाटून दिलेले असतात. प्रकाशाची बेरीज मात्र लेन्समध्ये झालेली आहे, आकड्यांमध्ये नाही.

चुकीच्या वजाबाकीचा परिणाम असा दिसतो. ठिपक्याच्याच खाली कातळाच्या खाचेत सुकलेल्या गवताचा एक झुबका आहे. त्याचा मूळ हिरवा आकडा 130 धरू. कातळावर ज्या भटक्या प्रकाशाने हिरवा 44 वरून 110 वर नेला, तोच प्रकाश या उजळ गवताला 130 वरून फक्त 160 वर नेतो. प्रकाश तेवढाच पडला, पण आकडा 66 ऐवजी 30 नेच वाढला. आता सगळीकडून 66 वजा केले, तर कातळ ठीक होतो आणि गवत 94 वर येऊन काळसर, आजारी दिसू लागतं. ठिपका गेला, पण त्याच्या जागी गडद व्रण राहिला.

म्हणून वजाबाकी प्रकाशाच्या मोजपट्टीवर करायची. हे रूपांतर जिम्प स्वतःच करतो, त्याला सांगावं मात्र लागतं. आधी फोटो 32 बिटांच्या अचूकतेत न्यायचा, म्हणजे मधल्या हिशेबात बारीक छटा गळत नाहीत. नवा पारदर्शक लेअर घ्यायचा, त्याचा मोड Subtract ठेवायचा आणि त्याच्या Blend Space मध्ये RGB (linear) निवडायचं. मग ठिपक्याच्या आकाराची, मऊ कडेची लंबगोल निवड करून त्यात रंग भरायचा. वरच्या उदाहरणात प्रकाशाच्या मोजपट्टीवर हिशेब केला, तर तो रंग लाल 37, हिरवा 101, निळा 73 असा निघतो, म्हणजे #256549. सरळ वजाबाकीच्या 14, 66, 44 पेक्षा तो बराच उजळ आहे. पाहताना चुकीचा वाटतो, पण भरल्यावर कातळ आणि गवत दोन्ही एकदम आपापल्या रंगावर येतात.

दर वेळी हा हिशेब हाताने करत बसण्याची गरज नाही. अंदाजे हिरवट रंग भरावा, लेअरची अपारदर्शकता कमीजास्त करून उजेड जुळवावा आणि मग रंगाची छटा थोडी सरकवावी. डोळ्याने एकाच गोष्टीकडे पाहायचं: ठिपक्याच्या आतला दगड आणि बाहेरचा दगड यांच्यातली सीमा कुठे हरवते. कडेला हिरवी रेघ उरली, तर निवड लहान पडली आहे. आत जांभळट छटा आली, तर हिरवा जास्त वजा झाला आहे. काही घोस्टच्या कडा मध्यापेक्षा उजळ असतात; तिथे एका लेअरने भागत नाही, कडेसाठी दुसरा कंकणाकृती लेअर करावा लागतो.

काम पुरं झालं असं वाटलं, की एक तपासणी जरूर करावी. सगळ्या लेअरच्या वर तात्पुरता एक लेअर घालून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवायचा, इतका की फोटो बटबटीत दिसेल. साध्या नजरेला न दिसणारं उरलेलं वर्तुळ यात उघडं पडतं. ते दुरुस्त करून तात्पुरता लेअर काढून टाकायचा. मग फोटो शंभर टक्के मोठा करून दाणा पाहायचा. ठिपक्याच्या जागी तो शेजारपेक्षा जरा जास्त असतो, कारण भटका प्रकाश वजा झाला तरी त्याच्यासोबत आलेली रवाळ चलबिचल वजा होत नाही. ती थोडी मऊ करता येते, पण तिथेही हात राखूनच काम करावं.

या पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. मोबाइल फोटो काढतानाच उजेड-अंधार जागोजागी बदलतो, सावल्या उजळतो, रंग चढवतो. म्हणून जेपेग फाइलमध्ये प्रकाशाची बेरीज मूळ स्वरूपात शिल्लक नसते आणि वजाबाकी फार तर जवळपास जुळते. अनेक मोबाइलमध्ये रॉ फाइल साठवण्याची सोय असते. सूर्यासमोरचा फोटो त्या रूपात घेतला, तर आकडे पुष्कळ नेमके येतात. दुसरी अडचण जास्त कठीण. ठिपका उजळ ढगावर किंवा एखाद्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला आणि तिथला कुठलाही रंग 255 ला जाऊन टेकला, तर सेन्सर तिथे भरून वाहिला आहे. 255 मधून कितीही वजा केलं तरी खालचं विणकाम परत येत नाही, कारण ते नोंदलंच गेलेलं नाही. रंग मोजण्याच्या साधनाने हे दोन सेकंदांत कळतं, म्हणून कामाला लागण्याआधीच ते पाहावं. अशा जागी मात्र शेजारचा भाग घेऊन ठिगळ लावण्यावाचून पर्याय नसतो. आधी जिथे जमेल तिथे वजाबाकी करून, उरलेल्या लहानशा पांढऱ्या भागापुरतंच ठिगळ लावलं, तर ते सहसा ओळखू येत नाही. चेहऱ्यावर पडलेला घोस्ट सगळ्यांत नाजूक. त्वचेच्या रंगातली चूक कोणालाही लगेच कळते, त्यामुळे तिथे अर्धवट फिका केलेला ठिपका अतिरेकी दुरुस्तीपेक्षा बरा.

राहिला दुधट पडदा. तोही मिसळलेला प्रकाशच आहे, फक्त फोटोभर पसरलेला. फोटोत जिथे निखळ काळं असायला हवं, उदाहरणार्थ कातळातल्या एखाद्या कपारीचं तोंड, तिथले आकडे पाहायचे. ते शून्याच्या आसपास असायला हवेत. 30 किंवा 40 असतील, तर तेवढा पडदा आहे. Levels मध्ये काळ्याचं टोक पुढे सरकवलं, की तो उतरतो. पडदा सूर्याजवळ दाट आणि लांब जावं तसा विरळ असतो, म्हणून ही दुरुस्ती सगळीकडे सारखी लावली, तर दूरचे कोपरे काळेभोर होतात. सूर्याकडून लांब जाताना फिका होत जाणारा मास्क तिला लावावा लागतो.

या मास्कला सूर्याच्या अगदी जवळ मात्र थांबवावं. सूर्याभोवतीची ती सोनेरी प्रभा काही लेन्सची चूक नसते; त्यातला मोठा भाग हवेतल्या धुळीने आणि बाष्पाने विखुरलेल्या प्रकाशाचा असतो, आणि कोकणकड्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनाही ती दिसलेली असते. ती उतरवली, तर सूर्य आकाशावर चिकटवलेल्या पांढऱ्या टिकलीसारखा दिसतो. सूर्याचं बिंब तर 255 ला टेकलेलंच असतं. तिथला उजेड ओढून खाली आणला, की आत गोलाकार, कडक कडेचा राखाडी डाग तयार होतो. फोटोत असा राखाडी सूर्य दिसला, तर उजेडाची पट्टी उलट दिशेने सरकवून बिंब पुन्हा पांढरं करावं आणि दुरुस्ती कातळापुरती ठेवावी.